खारट खिचडीचा अहवाल

खिचडी खारट झाली तो गुरुवार होता. गाव कळमनुरी तालुक्यातले, शाळा जिल्हा परिषदेची, पट ऐंशीच्या आसपास. पहिल्या पंगतीतल्या मुलांनी एकेक घास घेतला आणि ताटे पुढे सरकवली. दुसऱ्या पंगतीने पहिलीकडे पाहून ताटेच उचलली नाहीत. एका पालकाने मोबाइलवर त्याचे चित्रण केले आणि अर्ध्या तासात ते गावाच्या व्हॉट्सॲप गटावर आले. दुपारी तीन वाजता केंद्रप्रमुखांचा फोन आला. आसपासच्या दहा-बारा शाळा त्यांच्याकडे असतात. सोमवारी सकाळपर्यंत व्यवस्थापन समितीच्या सह्यांसह लेखी अहवाल द्या, एवढेच त्यांनी सांगितले.

त्या समितीत मी होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी एका दैनिकाच्या बातमी-टेबलावर वीस वर्षे काढून मी गावी परतलो होतो, आणि ‘शिक्षणप्रेमी सदस्य’ म्हणून माझे नाव समितीत घालण्यात आले होते. घातले मुख्याध्यापकांनी, मला न विचारता.

शुक्रवारी संध्याकाळी मुख्याध्यापक अहवालाचा कच्चा मसुदा घेऊन घरी आले. ते निवृत्तीला टेकलेले, नीटनेटके गृहस्थ. शर्टाच्या खिशात दोन पेन, एक निळे आणि एक लाल. गावात त्यांना सगळे ‘सर’ म्हणत, मीही.

“भाषा बघून घ्या,” ते म्हणाले. “बाकी सगळं आहेच त्यात.”

मसुदा एका पानाचा होता. अक्षर सुरेख. त्यातला गाभा असा: ‘सदर दिवशी आहाराची चव घेण्यात आली. मीठ कमी असल्याचे आढळून आल्याने आवश्यक त्या सूचना देण्यात आल्या. तदनंतर आहारात मीठ अधिक प्रमाणात टाकण्यात आल्याने विद्यार्थ्यांना आहार घेता आला नाही. पर्यायी आहाराची व्यवस्था करण्यात आली. संबंधितांना समज देण्यात आली असून योग्य ती कारवाई प्रस्तावित करण्यात येत आहे.’

व्याकरणाची चूक एकही नव्हती. वाचताना वाटत होते की चव, सूचना, मीठ आणि समज या चार गोष्टी शाळेच्या आवारात आपापल्या आल्या आणि आपापल्या निघून गेल्या.

“मीठ कोणी टाकलं, सर?”

“आहारात अधिक मीठ टाकण्यात आलं.”

“हो. कोणी?”

“भाऊ, ही बातमी नाही. शासकीय भाषा अशीच असते. नावं घेतली की ते वैयक्तिक होतं.”

ते खोटे बोलत नव्हते. पस्तीस वर्षे त्यांनी याच भाषेत पत्रे लिहिली होती, आणि या भाषेने त्यांना कधी अडचणीत आणले नव्हते. त्यांच्या मते कर्ता वगळणे हा सभ्यपणा होता.

“‘संबंधित’ म्हणजे कोण?” मी विचारले.

“वरचे समजून घेतात,” ते म्हणाले.

अडचण तिथेच होती. वरचे काय समजून घेतात हे तालुक्यात सगळ्यांना माहीत होते. खिचडीच्या अहवालात ‘संबंधित’ आले की कार्यालयातून उत्तर येई: स्वयंपाकी बदलण्यात यावा. मीठ ज्याच्या हातात असते तो संबंधित. आमच्या शाळेत तो हात एका विधवा बाईचा होता. मुले तिला मावशी म्हणत. तिच्या मागे दोन मुली होत्या, आणि वर्षभर चालणारे दुसरे काम गावात नव्हते. हळद काढणी-शिजवणी चालते तेवढे दिवस रोजगार मिळे, मग पुन्हा रिकामे हात.

मी मसुदा ठेवून घेतला आणि सरांना म्हटले की उद्या समितीच्या बैठकीआधी मी स्वयंपाकघरात जाऊन येतो.

टेबलावर काम करताना आमचे मुख्य उपसंपादक नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात एकच काम देत. गावोगावच्या वार्ताहरांच्या बातम्या घ्यायच्या आणि प्रत्येक ‘करण्यात आले’च्या समोर समासात ‘कोणी’ असे लिहायचे. मग ते स्वतः येऊन त्यातले निम्मे ‘कोणी’ खोडत. ‘दोघांना अटक करण्यात आली’ याच्या पुढचा ते नेहमी खोडत. अटक पोलीस करतात, गावचा जावई नाही, असे म्हणत. ‘झाडे तोडण्यात आली’ याच्या पुढचा मात्र कधीच खोडला नाही. वाचकाला कर्ता आपोआप कळतो तिथे तो सांगणे म्हणजे शाई वाया घालवणे, आणि जिथे तो अंदाजाने ठरवावा लागतो तिथे तो न सांगणे म्हणजे दुसऱ्याच माणसाला पुढे ढकलणे. हे त्यांनी कधी असे सूत्र करून सांगितले नाही. खोडाखोडीतून कळले.

शनिवारी सकाळची शाळा होती. स्वयंपाकघर म्हणजे वर्गांच्या मागची पत्र्याची खोली. मावशी तांदूळ निवडत होती. तिची मदतनीस, तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, भाताचे पातेले राखेने घासत होती. मला पाहून दोघींचे हात थांबले.

“कागद लिहायला आले का?” मावशीने विचारले.

“कागद सरांनी लिहिलाय. मी विचारायला आलो. गुरुवारी तुम्ही काय काय केलं, किती वाजता केलं, एवढंच सांगा.”

“मला घड्याळ न्हाई. प्रार्थनेनंतर चूल पेटवली.”

मग तिने सांगितले. ती मीठ दोन भागांत टाकते. एक वाटी सुरुवातीला, दुसरी डाळ मऊ झाल्यावर. आमच्या बोअरच्या पाण्यात सगळे मीठ आधी टाकले की डाळ कडक राहते, शिजत नाही, असा तिचा अनुभव. ही रीत तिची आई, सासू, शेजारीण, सगळ्यांची. मदतनिसीला ती ठाऊक होती. सरांना ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

“चव कोणी घेतली?”

दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

“सर आले होते,” मदतनीस म्हणाली. “लवकर आले. त्यांची मोबाइलवरची मिटिंग होती बारा वाजता. म्हणले, आत्ताच चव घेतो.”

“तेव्हा दुसरी वाटी पडली होती?”

“न्हाई ना. डाळ कच्ची होती. सर म्हणले, आळणी हाये, एक वाटी टाका. मी टाकली. सरांनी सांगितल्यावर मी काहून न्हाई म्हणू?”

“मावशी कुठे होत्या?”

“मी मागं हापशावर ताटं धुवून राहिले होते,” मावशी म्हणाली. “परत आले, डाळ बघितली, मऊ झाली होती. माझी वाटी टाकली.”

“हिने सांगितलं नाही, मीठ टाकलंय म्हणून?”

“मला वाटलं सर सांगतील,” मदतनीस म्हणाली. “ते तिकडूनच गेले होते, हापशाकडून.”

“सर गेले, पण मोबाइल कानाला लावून,” मावशी म्हणाली. “हात केला मला. मी बी केला.”

सगळा मामला एवढाच होता. सर वेळेआधी चव घेऊन गेले, मीठ टाकायला सांगितले आणि ज्या बाईच्या जबाबदारीवर ती खिचडी होती तिला सांगितले नाही. मदतनिसीने सांगितलेले केले. मावशीने रोजचे केले, फक्त शेवटी चाखून पाहिले नाही. याहून वेगळा दोष कोणाचा नव्हता.

मी चव नोंदवही मागितली. रोज आहार वाढण्याच्या अर्धा तास आधी चव घेऊन त्यात नोंद करायची असते, आणि शेवटच्या रकान्यात चव घेणाऱ्याचे नाव व सही. गुरुवारच्या ओळीत सरांच्या सुरेख अक्षरात होते: ‘चव घेण्यात आली. मीठ कमी. सूचना देण्यात आल्या.’ सहीचा रकाना कोरा. त्याच्या वरचे तीन दिवसही कोरे. सर सह्या शनिवारी एकदम करत, आठवड्याच्या.

“भाऊ,” मावशी म्हणाली, “कागदात माझं नाव हाये का?”

“नाही.”

तिचा चेहरा उतरला. मला वाटले होते तिला बरे वाटेल.

“म्हणजे मग मीच,” ती म्हणाली. “आजवर कागदात ज्याला नाव न्हाई, ते काम आमच्यावरच आलंय. नाव असतं तर म्हणता तरी आलं असतं की असं न्हाई, तसं.”

टेबलावरच्या वीस वर्षांत मी ही गोष्ट इतक्या नेमक्या शब्दांत ऐकली नव्हती. मी ते वहीत उतरवून घेतले.

बैठक दहाला चौथीच्या वर्गात सुरू झाली. समितीचे अध्यक्ष एक पालक होते, हळदीचे शेतकरी. शिजवणीतून उठून आल्याने त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. ते मुलांच्या बाकावर बसले, गुडघे वर घेऊन. त्यांना सगळे ‘अध्यक्ष’ म्हणत, त्यात आदर निम्मा आणि चेष्टा निम्मी. मावशी आणि मदतनीस दाराशी बसल्या.

सरांनी मसुदा मोठ्याने वाचला. त्यांचा आवाज चांगला होता. वाचून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, “सर, परत वाचा. माझ्या ध्यानात काहीच राहिलं न्हाई.”

सरांनी परत वाचला.

“अजून बी न्हाई,” अध्यक्ष म्हणाले. “मीठ कोणी टाकलं ते त्यात कुठं हाये? का ते पोत्यातून उडी मारून गेलं?”

दाराशी मदतनीस पदर तोंडाला लावून हसली. सरही हसले, पण कान लाल झाले.

मी सकाळी ऐकलेले वेळेच्या क्रमाने सांगितले. कोणाचा दोष किती, हे मी म्हटले नाही. कोण कुठे होते आणि काय केले, एवढेच. बाहेर दुसरीची मुले पाढे म्हणत होती.

“मी वेळेआधी चव घेतली हे खरं आहे,” सर सावकाश म्हणाले. “पण दोन वाट्यांचं मला माहीत नव्हतं.”

“तुमी विचारलं न्हाई,” मावशी म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. भाव सांगावा तसे सांगितले.

“विचारलं नाही,” सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “पण हे असं लिहायचं कसं? ‘मुख्याध्यापकांनी चूक केली, मुख्याध्यापकांनी मीठ टाकायला लावलं’ असं वर पाठवायचं? ते अहवालासारखं नाही दिसत, ते फिर्यादीसारखं दिसतं. आणि ‘मी’ तर शासकीय पत्रात लिहीतच नाहीत.”

हा आक्षेप मला पटला. अहवालाला त्याची शांत चाल लागते. प्रत्येक वाक्यात माणूस पुढे उभा केला की वाचणारा माणसाकडे बघतो, घडलेल्याकडे नाही. ‘करण्यात आले’ काढून टाकायचे नव्हते. त्याच्या शेजारी माणसाला बसायला जागा द्यायची होती.

मी फळ्यावरचा खडू घेतला, कारण कागद एकच होता. सर पहिल्या वाक्यापासून सांगत गेले, मी लिहीत गेलो, अध्यक्ष अडवत गेले.

‘आहाराची चव मुख्याध्यापकांकडून बाराच्या आधी, नेहमीच्या वेळेपूर्वी घेण्यात आली.’ सरांनी होकारार्थी मान डोलावली; वाक्य त्यांच्या कानाला ओळखीचे होते, फक्त त्यात आता कोणीतरी होते. ‘त्या वेळी मिठाचा दुसरा भाग टाकणे बाकी होते. या शाळेतील स्वयंपाकी मीठ दोन भागांत टाकतात. ही पद्धत मुख्याध्यापकांना माहीत नव्हती.’

“‘माहिती करून घेतली नव्हती’ लिहा,” सर स्वतःच म्हणाले.

मी तसे केले.

‘मुख्याध्यापकांच्या तोंडी सूचनेवरून मदतनीस यांनी एक वाटी मीठ टाकले.’ इथे अध्यक्षांनी हात वर केला. “तिचं नाव काहून? ती तर सांगितल्यापरमाणं करून राहिली होती.”

“म्हणूनच ‘सूचनेवरून’ पुढे आहे,” मी म्हणालो. “हात तिचा आणि शब्द सरांचा, हे दोन्ही दिसायला पाहिजे. तिला वगळलं तर वाचणारा म्हणेल, मग टाकलं कोणी, आणि परत मावशीकडे बघेल.”

मदतनीस म्हणाली, “राहू द्या माझं. मी टाकलंच होतं. वाटीवर शीग लावून टाकलं होतं.”

“शीग नका लिहू,” सर घाईने म्हणाले.

पुढच्या वाक्यावर आम्ही अडकलो. मावशीला सांगितले गेले नाही, हे लिहायचे होते. मी लिहिले, ‘याबाबत स्वयंपाकी यांना कळविण्यात आले नाही.’ ते वाचून मावशीच म्हणाली, “हे परत पयल्यासारखं झालं की. ह्याच्यात मला कोणी सांगायचं होतं ते न्हाई.”

खरे होते. खडू माझ्या हातात असताना वाक्यातून माणूस पुन्हा निसटला होता. टेबलावर काम करून ही सवय जाते असे मी समजत होतो. ती जात नाही.

मी पुसले. ‘मुख्याध्यापकांनी कळविले नाही’ असे लिहिले. ते बरोबर होते, पण सर पेन उघडून बंद करत राहिले. सह्यांच्या यादीत पहिली सही त्यांची होती. ती न झाल्यास जुनाच मसुदा जाईल, किंवा काहीच जाणार नाही आणि फोनवरून ‘संबंधित’ ठरेल.

“सर,” अध्यक्ष म्हणाले, “घरात एखादी गोष्ट इसरली तर तुमी बाईला काय म्हणता?”

“काय म्हणणार. म्हणतो, राहून गेलं माझ्याकडून.”

“मग तेच लिवा ना.”

मी लिहिले: ‘ही सूचना स्वयंपाकी यांना कळविणे मुख्याध्यापकांकडून राहून गेले.’

सरांनी वाक्य दोनदा वाचले. त्यात कोणी कोणाला झोडपत नव्हते. क्रियापद मवाळ होते, घरातले होते, आणि तरी वाचणाऱ्याला बोट कुठे आहे ते दिसत होते. “हे चालेल,” ते म्हणाले. “हे खरंही आहे.”

ते ऐकून मावशी उठून उभी राहिली. “माझं बी एक लिवा. मी वाढायच्या आधी चाखलं न्हाई. रोज चाखते. त्या दिवशी उशीर झाला म्हणून न्हाई.”

“त्याची गरज नाही,” सर म्हणाले.

“हाये. तुमचं लिहिलं अन् माझं झाकलं तर लोक म्हणतील, सरांवर ढकललं.”

‘वाढण्यापूर्वी स्वयंपाकी यांच्याकडून शेवटची चव घेतली गेली नाही,’ असे लिहिले. तिने ते ऐकून घेतले आणि बसली.

मग ‘पर्यायी आहाराची व्यवस्था करण्यात आली’ हे वाक्य आले. सर म्हणाले, ते आहे तसेच राहू द्या. अध्यक्षांनी विचारले, कोणती व्यवस्था. सांगितले मदतनिसीने. खिचडी परत आल्यावर सर मोटारसायकल काढून डोंगरकडा गावच्या बाजारात गेले, केळीचे तीन घड आणि बिस्किटांचे पुडे पाठीमागे बांधून आले, आणि शेवटच्या मुलाच्या हातात केळ पडेपर्यंत स्वतः वाटत राहिले. पैसे कोणाकडे मागितले नाहीत.

“हे काहून लपवलं?” अध्यक्षांनी विचारले.

“लपवलं कुठे. लिहिलंय ना, व्यवस्था करण्यात आली.”

“सर,” मावशी म्हणाली, “केळात तुमचं नाव घालायला लाजता, म्हणून मिठात बी न्हाई घातलं व्हय? मला वाटलं, मुद्दाम.”

वर्गात सगळे हसले. सर सगळ्यात उशिरा हसले, पण सगळ्यात जास्त. त्यांच्या पस्तीस वर्षांच्या पत्रांत त्यांची चूक नव्हती तसे त्यांचे चांगले कामही नव्हते. दोन्ही एकाच सभ्यपणाने वगळलेले होते. ‘मुख्याध्यापकांनी स्वखर्चाने केळी व बिस्किटे आणून विद्यार्थ्यांना दिली,’ असे साधे वाक्य झाले. ‘संबंधितांना समज’ आणि ‘योग्य ती कारवाई’ ही दोन्ही वाक्ये काढून टाकली. त्यांच्या जागी पुढे कोण काय करील ते आले: चव डाळ शिजल्यानंतर मुख्याध्यापक घेतील आणि सही त्याच वेळी करतील, मिठाबाबतची कोणतीही सूचना थेट स्वयंपाकी यांनाच दिली जाईल.

“कोण देईल?” अध्यक्षांनी विचारले.

“अध्यक्ष, हे वाक्य सोडा आता,” मी म्हणालो. “चव घेणारा देईल. वरच्याच ओळीत तो आहे.”

“मग ठीक. मला शिजवणीला जायचंय, कढई उतरवायचीय.”

सरांनी फळ्यावरून कागदावर उतरवून घेतले. त्यांच्या अक्षरात ती वाक्ये ते पस्तीस वर्षे लिहीत आल्यासारखी दिसत होती. सह्या झाल्या. अध्यक्षांच्या सहीखाली पिवळा ठसा उमटला. सरांनी तो खोडायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

सोमवारी अहवाल गेला. बुधवारी केंद्रप्रमुखांचा फोन आला तेव्हा मी शाळेत होतो, वाचनालयाच्या पुस्तकांची यादी करायला. सरांनी फोन ऐकताना उभे राहणे पसंत केले.

“हो, मीच लिहिलं,” ते म्हणाले. “नाही, कोणी दबाव आणला नाही. हो, मुख्याध्यापक म्हणजे मीच.” मग बराच वेळ नुसते ‘हो’. फोन ठेवून म्हणाले, “विचारत होते, असा अहवाल तुम्ही पहिल्यांदाच लिहिलात का.”

“काय सांगितलंत?”

“हो म्हणालो.”

लेखी उत्तर पुढच्या आठवड्यात आले. त्यात मुख्याध्यापकांना चव नोंदवहीबाबत लेखी समज होती आणि स्वयंपाकी व मदतनीस यांचे काम पूर्ववत चालू ठेवण्यास हरकत नसल्याचे कळवले होते. समजेचा परिच्छेद सरांनी दोनदा वाचला, घडी केली नाही, टेबलावर उघडाच ठेवला. मग ते उठून मागच्या खोलीकडे गेले. मीही गेलो.

मावशी चुलीपुढे बसली होती. सरांनी पत्र वाचून दाखवायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला तिने अडवले.

“सर, ते सगळं नंतर. मी उद्या येऊ का, एवढं सांगा.”

“या,” सर म्हणाले. “उद्या या, परवा या. मी ठेवलंय तुम्हाला कामावर.”

तिने मान डोलावली आणि फोडणीत मोहरी टाकली. धूर डोळ्यांत गेला म्हणून सर मागे सरले, पण गेले नाहीत. डाळ शिजेपर्यंत ते दारातच उभे होते.